ती विचारत राहते, तो गप्प होत जातो

"लग्नाला नऊ वर्षं झाली. रोज तेच भांडण. समुपदेशनाचं नाव काढलं की नवरा म्हणतो, 'तिसऱ्या माणसासमोर घरचं कशाला? तो तुझीच बाजू घेणार.' आत्ता जावं की थांबावं? आणि समुपदेशक निवडायचा कसा?"

अशाच शंका घेऊन आलेल्या एका जोडप्याचं पाहा. (ओळख पटेल ते सगळं बदललं आहे.) नवऱ्याने गावी वडिलांना पंधरा हजार पाठवले आणि बायकोला ते बँकेच्या मेसेजवरून कळलं. पहिली भेट दोघांची एकत्र झाली. मग प्रत्येकाची एकेक वेगळी भेट, आणि चौथ्या भेटीपासून पुन्हा एकत्र. आठवड्यातून एकदा, तासभर.

एकत्र भेटीत ती म्हणाली, "मला विचारलंत का?" तो घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करत बसला. तिने तेच आणखी चढ्या आवाजात विचारलं, तर त्याने मान खाली घातली. इथे समुपदेशकाने थांबवलं. तिला त्याचं गप्प बसणं म्हणजे 'हिला किंमत नाही' असं वाटत होतं. त्याला मात्र बोललो तर आणखी चिघळेल अशी धास्ती होती. पंधरा हजार बाजूला राहिले आणि काम या चक्रावर सुरू झालं. त्यामुळे बाजू घेण्याचा प्रश्नच उरला नाही.

घरी करायला एकच गोष्ट दिली. एकाने दोन मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगायचं आणि "बरोबर ऐकलं का?" असं विचारायचं. उत्तर त्यानंतर. पहिल्या आठवड्यात हे फसलं, कारण तो प्रत्येक वाक्याला "पण" जोडत होता. राग चढला तर अर्धा तास उठून जायची मुभा होती, पण किती वाजता परत येणार ते जाणाऱ्यानेच सांगायचं. ही अट नंतर घातली. त्याआधी तो उठून जायचा तो थेट झोपायलाच, आणि तिला ते पुन्हा टाळणंच वाटायचं. बाराव्या भेटीपर्यंत भांडणं थांबली नव्हती, पण त्याच दिवशी मिटू लागली होती.

तेच भांडण विषय बदलून परत येत असेल तर थांबू नका. अबोला जितका मुरतो तितकं काम अवघड होतं. मात्र घरात मारहाण होत असेल किंवा जोडीदाराची भीती वाटत असेल तर एकत्र भेटी नकोत, कारण तिथे खरं बोलल्याची किंमत घरी मोजावी लागते. तेव्हा एकटीने मदत घ्यावी. महिलांसाठी १८१ हा हेल्पलाइन क्रमांक आहे.

निवडताना नुसत्या पाटीवर जाऊ नका. फोनवरच विचारा: मानसशास्त्राच्या पदवीशिवाय जोडप्यांसोबत काम करण्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का? वेगळ्या भेटीत एकाने सांगितलेलं गुपित दुसऱ्यापासून लपवणार का? याचं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे बघा. दोघांपैकी एकाचा आधीपासूनचा समुपदेशक नको, नात्यातलाही नको. आणि पहिल्याच भेटीत 'चूक तुमची' असा निवाडा देणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. तुमच्या यजमानांची भीती तिथे खरी ठरेल.