नऊ चौकोनांच्या बैठकीला जाण्याआधी

सप्रेम नमस्कार,

तुझा तक्ता मिळाला. आठ नावं, आडवी कामगिरी आणि उभं पोटेन्शियल, म्हणजे पुढे मोठी जबाबदारी पेलण्याची क्षमता, अशा तीन-तीन श्रेणींचे नऊ चौकोन, आणि खाली एक ओळ: ‘बरोबर भरलाय का, बघता का?’ ती माणसं माझ्या परिचयाची नाहीत, त्यामुळे कोण कुठल्या चौकोनात बसतं हे मी सांगू शकत नाही. पण एक गोष्ट पहिल्या नजरेतच खटकली. कामगिरीच्या समर्थनार्थ तू प्रत्येकाची कामं लिहिलीस, आकडे दिलेस. पोटेन्शियलपुढे मात्र ‘चमक आहे’, ‘अजून परिपक्व व्हायला हवं’, ‘लीडरशिप मटेरियल’ एवढंच. आडव्या अक्षावर पुरावा आणि उभ्या अक्षावर मत. बैठकीत मात्र दोन्ही सारख्याच खात्रीने वाचले जातात.

हा तक्ता मुळात माणसांसाठी बनलाच नव्हता. १९७०च्या दशकात मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने जनरल इलेक्ट्रिकसाठी तो धंद्यांची तुलना करायला वापरला: बाजार किती आकर्षक आणि त्यात आपला धंदा किती मजबूत, यावरून पैसा कुठे घालायचा ते ठरवायचं. पुढे तीच चौकट एचआरने उचलली. फरक एवढाच, की आपल्याला कोणत्या चौकोनात टाकलंय हे धंद्याला कळत नाही. माणसाला कळतं. आणि तो चौकोन पाहून त्याचा बॉस कामं वाटतो, हे त्याहून महत्त्वाचं.

माझ्या हातून घडलेलं सांगतो. मी एका कंपनीत वर्षानुवर्षं या बैठका चालवल्या. तिथे प्लॅनिंग विभागात एक उपप्रमुख बाई होत्या. कामगिरी सलग वरच्या श्रेणीत, पोटेन्शियल ‘कमी’. म्हणजे उजवा, खालचा कोपरा. आमच्याकडे त्याला ‘भरवशाचे तज्ज्ञ’ म्हणायचे. ऐकायला गौरवाचं, पण अर्थ एकच: इथेच राहा. पहिल्या वर्षी शेऱ्यात लिहिलं होतं, ‘बदलीला तयार नाही.’ खरं कारण होतं घरातलं आजारपण, तेही त्या वर्षापुरतं. दुसऱ्या वर्षी मी जुनी फाइल कॉपी करून नवी बनवली. शेरा गळाला, चौकोन राहिला. तिसऱ्या वर्षी कुणी ‘का?’ विचारलंच नाही, कारण दोन वर्षं तोच चौकोन होता!

दरम्यान मोठ्या टीमच्या नेतृत्वाची संधी आली, ती वरच्या चौकोनातल्या लोकांना गेली. चौथ्या वर्षी बाईंचं नाव निघालं तेव्हा एकजण म्हणाला, ‘त्यांनी मोठी टीम कधी सांभाळलीय?’ खरंच नव्हती सांभाळली. आम्हीच दिली नव्हती. चुकीच्या शिक्क्याने स्वतःसाठी पुरावा तयार केला, आणि तो पुरावा दिसायला इतका खरा होता, की मलाही पटला.

मग विभागप्रमुख अचानक सोडून गेले. वारसांच्या यादीत ‘आत्ता तयार’ असं एकच नाव होतं, विक्रीतल्या एका तडफदार माणसाचं. दोनच वर्षांचे आकडे होते, तेही बाजार चढता असतानाचे. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत तो विक्रीतच परत गेला आणि विभाग बाईंनी प्रभारी म्हणून चालवला. उत्तम चालवला. पद रिकामं असताना अकरा महिने. एवढं होऊनही त्यांची पदोन्नती ‘तात्पुरती व्यवस्था’ म्हणून अडकली होती, आणि कारण विचारलं तर फाइलमध्ये तोच कोपरा दाखवला जायचा.

तेव्हा मी बसून हे नव्याने केलं. ‘हिचं पोटेन्शियल किती?’ हा प्रश्नच बाजूला ठेवला आणि विचारलं: विभागप्रमुखाला नेमकं काय करता यावं लागतं? तीन गोष्टी ठरल्या. अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणं. विक्री आणि उत्पादन या दोन विभागांना परस्परविरोधी मागण्यांवर एका वाटेवर आणणं. आणि आपल्या हाताखाली दोन-तीन प्रमुख घडवणं. मग प्रत्येकासमोर घडलेला प्रसंग लिहायचा, विशेषण नाही. पहिल्यासाठी होता: मुख्य पुरवठादार बंद पडला तेव्हा दोन दिवसांत त्यांनी संपूर्ण महिन्याचा आराखडा फिरवला होता. दुसऱ्यासाठीही होता. तिसऱ्यासमोर जागा कोरी राहिली. त्या कोऱ्या जागेचा अर्थ ‘जमत नाही’ असा होत नाही, ‘संधी मिळाली नाही’ असा होतो. म्हणून निष्कर्ष लिहिला: एका वर्षात तयार, या सहामाहीत दोन युनिटप्रमुख त्यांच्या हाताखाली द्यावेत. हे वाचून कुणी काहीतरी करू शकतो. ‘पोटेन्शियल कमी’ वाचून करण्यासारखं काही नसतं.

तुझ्या तक्त्यातही हेच करून पाहा. आठही जणांना लागू होईल असं पोटेन्शियल शोधू नकोस, ‘कोणत्या पदासाठी?’ ते आधी लिही. एकच व्यक्ती एका पदासाठी आत्ता तयार असू शकते आणि दुसऱ्यासाठी कधीच नसेल. तयारीही चौकोनाच्या बाहेर वेगळी नोंदव: आत्ता, एक-दोन वर्षांत, त्यानंतर. तुझ्या यादीतला पाच महिन्यांपूर्वी रुजू झालेला मुलगा डाव्या खालच्या कोपऱ्यात आहे. त्याला तक्त्यातून काढ आणि ‘नवीन, अजून मोजता येत नाही’ असं लिही. नवीन पदावर कुणाचीही कामगिरी सुरुवातीला खाली जाऊ शकते. त्याचा हा चौकोन पुढच्या वर्षी कुणीतरी कॉपी करेल, जसा मी केला होता.

एक अंदाज येण्याजोगी खूण सांगतो. गेल्या वर्षीचा तक्ता मिळव आणि शेजारी ठेव. एकही नाव हललेलं नसेल तर बैठकीत नवीन काही घडलेलं नाही, जुनं वाचलं गेलंय. मग नावांना त्यांच्या बॉसनुसार रंग दे. एकाच बॉसची माणसं वर दिसत असतील, तर तिथे कदाचित बॉसचं वजन मोजलं जातंय. स्त्री-पुरुष असाही रंग दे. अमेरिकेतल्या संशोधकांनी एका मोठ्या किरकोळ विक्री कंपनीतल्या नोंदी तपासल्या, तेव्हा स्त्रियांची कामगिरी सरासरीने पुरुषांपेक्षा वर आणि पोटेन्शियलचे गुण मात्र खाली, असं आढळलं. आणि पुढच्या काळात त्याच गुणांच्या पुरुषांपेक्षा स्त्रियांचं काम सरस निघालं. ज्या अक्षावर पुरावा लागत नाही, त्यावर बघणाऱ्याचं मत जास्त शिरतं.

बैठकीत नाव निघालं की शक्यतो ज्याला त्या माणसाचं काम जवळून माहीत आहे त्याला आधी बोलू दे, आणि सर्वांत वरिष्ठाला शेवटी. ते ‘हाय-पो’, म्हणजे हाय पोटेन्शियल, म्हणाले की बाकीच्यांचे मुद्दे तिथेच आटोपतात. हे मला नेहमी साधलं नाही, कारण काही वरिष्ठांना गप्प बसवणं हे माझ्या पदात बसत नव्हतं.

बैठकीनंतर तुझी माणसं विचारतील, ‘आमचं काय ठरलं?’ चौकोनाचं नाव सांगू नकोस. कोणत्या पदाचा विचार झाला, काय कमी आहे आणि ते मिळवायला तू काय देणार आहेस, ते सांग. देणार काही नसेल तर तेही सांग.

आता तुझ्या आठपैकी दोन नावं उजव्या खालच्या कोपऱ्यात आहेत. त्या दोघांसाठी पद, तीन गरजा आणि प्रत्येकीपुढे एक घडलेला प्रसंग एवढं लिहून सोमवारपर्यंत पाठव. बाकीचे सहा नंतर बघू.

तुझा,
जुना सहकारी