भाकरी फाटतेय म्हणाली तेव्हा

पोरी,

तुझा मेसेज काल रात्री तीनदा वाचला. बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवरचा तो बावीस वर्षांचा पोरगा, कुष्ठरोगाच्या एमडीटी गोळ्यांचं पाचवं पाकीट चालू, पाठीवरचे चट्टे फिके पडलेत, गोळ्या एकदाही चुकवल्या नाहीत आणि तरी ग्लास हातातून निसटायला लागलेत. वर तो म्हणतो, "मॅडम काही दुखत नाही, उगाच कशाला." आणि तुला प्रश्न पडलाय की औषध लागू पडत नाहीये का, की कोर्स पूर्ण होईपर्यंत थांबावं.

थांबू नको. औषध लागू पडतंय, चट्टे फिके पडतायत ते खरंय. पण चट्ट्याकडे बघून हाताचा अंदाज करता येत नाही, हे मी तीस वर्षांत एवढ्यांदा सांगितलंय की घरात बायको हसते. हात बघ. चट्टा नको, हात बघ.

तू लिहिलंस गिऱ्हाईकं त्याचं कौतुक करतात, उकळत्या चहाचे चार-चार ग्लास बोटांत धरून आणतो, याला चटकाच बसत नाही म्हणून. हे वाचून माझ्या पोटात गोळाच आला. अगं ते कौतुक नाही, ते लक्षण आहे. आणि तूच खाली लिहिलंयस की करंगळीच्या कडेला फोड आहे, कधी आला ते त्याला माहीत नाही. दोन्ही गोष्टी एकाच मेसेजमध्ये आहेत आणि तू त्या जोडल्या नाहीस. रागावत नाहीये. मीही जोडल्या नव्हत्या, ते पुढं सांगतो.

आधी कोपराचं समजून घे. या जंतूला थंड जागा आवडते, शरीराच्या आतली गरमी त्याला झेपत नाही, म्हणून तो कातडीत आणि कातडीच्या जवळून जाणाऱ्या नसांमध्ये बसतो. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा जो उंचवटा असतो ना, जिथं आपटलं की करंगळीपर्यंत करंट जातो, त्याच्या मागच्या खाचेतून अल्नर नस जाते. तिथं ती अगदी वर असते आणि जागा अरुंद. जंतू नसेच्या आवरणातल्या पेशींत शिरतात, मग आपलं शरीर त्यांच्यावर तुटून पडतं आणि त्या मारामारीत नस सुजते. सूज बाहेर फुगायला जागा नाही, मग ती आतल्या तंतूंनाच आवळते. म्हणजे नुकसान निम्मं जंतूचं आणि निम्मं आपल्याच शरीराच्या रागाचं. म्हणूनच औषधानं जंतू मेले तरी त्यांच्या मढ्यांवर शरीर चिडत राहतं आणि नस कोर्सच्या मध्ये, कधी कोर्स संपल्यानंतरही बिघडू शकते. यालाच आपण रिॲक्शन म्हणतो. एमडीटी बंद करायची नाही, पण नुसत्या एमडीटीनं ही सूज उतरत नाही.

त्या एका नसेतून तीन कामं चालतात. करंगळी आणि तिच्या शेजारच्या अर्ध्या बोटाची जाणीव, पंजाच्या आतल्या बारीक स्नायूंची ताकद आणि त्या भागाचा घाम. बहुतेक वेळा गरम-थंडाची जाणीव आधी जाते, मग टोचल्याची, हलक्या स्पर्शाचीही. म्हणून तो पोरगा उकळता ग्लास धरतो. बारीक स्नायू गेले की बोटं सरळ ठेवायला कुणी उरत नाही, लांब स्नायू ओढत राहतात आणि करंगळी, अनामिका पंजासारख्या आत वळतात. अशा हातानं काहीही धरलं की सगळा भार तळव्यावर न येता बोटांच्या टोकांवर येतो, आणि कळत नाही म्हणून माणूस गरजेपेक्षा जास्त आवळून धरतो. घाम नाही म्हणून कातडी कोरडी पडून चिरते. आपल्याला फोड आला की आपण आपोआप हात बदलतो, त्याला दुखतच नाही, तो त्याच फोडावर दिवसभर काम करतो. जखम, मग पू, मग हाडापर्यंत. लोक म्हणतात महारोगानं बोटं झडली. बोटं झडत नाहीत, जंतू बोट खात नाही. न दुखणाऱ्या जखमा बोट खातात, एकामागून एक.

आता माझं ऐक. १९९६ साल, मी अवैद्यकीय सहाय्यक, सायकलवर गावं फिरायचो. एक माय होती, चाळिशीची, एमबीची, म्हणजे जास्त जंतूंच्या प्रकारची पेशंट, तेव्हा कोर्स दोन वर्षांचा असायचा. तिच्याकडं पाकीट द्यायला गेलो, ती भाकरी थापत होती. म्हणाली, "दादा, आताशा भाकरी फाटतेय बघ, कामून ते कळंना." मी हसलो. म्हणलं, "माय, पिठाची विरी गेली असेल, नवीन ज्वारी दळून आण." कार्डावर सही केली, पाठीवरचा चट्टा बघितला, फिका होता, खूश झालो. परातीकडं मी बघत होतो बरं का, डोळ्यांसमोर होती ती. हात सपाट पडत नव्हता, करंगळी थोडी आत, नख पिठात रुतत होतं आणि तिथंच भाकरी तुटत होती. बघत होतो आणि बघितलं नाही.

दसऱ्यानंतर ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली. जायच्या आधी मी तिला पुढच्या महिन्यांची पाकिटं हातात दिली, डोस चुकायला नको म्हणून, आणि मला वाटलं काय भारी काम केलं. पाडव्यानंतर परत आली तेव्हा दोन बोटं पक्की वळलेली, तळव्याच्या कडेला तव्याचे डाग एकावर एक, कोयता धरून करंगळीच्या टोकाला खोल जखम. गोळी एकही चुकवली नव्हती तिनं. मोकळी पाकिटं पिशवीत बांधून आणून दाखवली मला.

साहेबांना रिपोर्टमध्ये पाकिटं किती दिली एवढंच हवं असायचं, हाताचा रकाना कुणी विचारत नव्हतं, माझ्याकडं चाळीस गावं होती, हे सगळं खरंय. मी अजूनही मनात हेच बोलत बसतो. पण भाकरी फाटतेय हे तिनं मला सांगितलं होतं, साहेबाला नाही.

आणि फाटायला लागली तेव्हाच धरलं असतं तर? नसेचं नुकसान सहा महिन्यांच्या आतलं असेल तर स्टिरॉइडनं परत येण्याची आशा असते. प्रेडनिसोलोन, सहसा रोज ४० मिलिग्रॅम, सकाळी एकदम, नाश्ता झाल्यावर, आणि मग दर दोन आठवड्यांनी कमी करत साधारण १२ आठवडे. सगळ्यांचं सगळं परत येतं असं नाही, पण जेवढं लवकर तेवढं जास्त. सहा महिने उलटले की आशा खूप कमी होत जाते. तिचा हंगामच तेवढा होता. पुढं शस्त्रक्रियेनं दुसरा स्नायू जोडून बोटं सरळ करून आणली तिची, पण त्या शस्त्रक्रियेनं जाणीव परत येत नाही. नंतर ती फडकं गुंडाळूनच तव्याला हात लावायची.

म्हणून तुझा पोरगा. ग्लास पहिल्यांदा निसटला तो पोळ्याच्या आसपास असं तू लिहिलंयस, म्हणजे सात-आठ आठवडे झाले. वेळ आहे. पण वेळ आहे म्हणून पुढच्या पाकिटाच्या तारखेची वाट बघशील तर याद राख.

उद्या त्याला बसव आणि हात बघ. दोन्ही हात, चांगला आधी, म्हणजे त्याच्यासाठी ताकद किती असते ते तुला कळेल. तळवा वर, बोटं सरळ, करंगळी बाजूला उघडायला सांग आणि तिच्या बुडाशी तुझ्या बोटानं आत दाब. तुला अडवलं तर एस, उघडतो पण दाबल्यावर हरतो तर डब्ल्यू, उघडतच नाही तर पी. मग अंगठा आभाळाकडं, मनगट वर, पाऊल वर. डोळे हलके मिटतायत का तेही बघ, पापणीत फट राहते का.

मग बॉलपेन. इथं सगळे चुकतात. पेन टेकवून "लागतंय का?" विचारायचं नाही, माणूस भिडेखातर हो म्हणतो, तुमच्या आवाजावरूनच ओळखतो. हाताच्या आड फाईल धर, तोंड बंद ठेव, कातडी जरा दबेल एवढंच टेकव, ओढायचं नाही, आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं जागा दाखवायला सांग. घट्टा असेल त्या जागेवर टेकवू नको, तिथं चांगल्या माणसालाही कमीच कळतं. शेवटी कोपर वाकवून खाचेतली नस बोटाखाली फिरव, दोन्ही बाजू ताडून बघ, आणि दाबताना कोपराकडं नाही, त्याच्या तोंडाकडं बघ. तो म्हणतो दुखत नाही, पण चेहरा आक्रसला तर समज. आणि नाहीच दुखलं तरी सुटका नाही, काही नसा गुपचूप जातात, ना सूज ना कळ. म्हणून तर ही मोजणी आहे. दर महिन्याला, पाकीट द्यायच्या आधी. मागच्या महिन्यात एस होता आणि आज डब्ल्यू, एवढा एक अक्षराचा फरक म्हणजे इमर्जन्सी समजायची.

ती अक्षरं लिहिलेला फॉर्म घेऊन त्याच्याबरोबर तू स्वतः डॉक्टरांकडं जा. स्टिरॉइड तू सुरू करायची नाही, आधी शुगर, बीपी, टीबीची चौकशी होऊ दे. डॉक्टर म्हणाले कोर्स संपू दे मग बघू, तर फॉर्म पुढं सरकव आणि वाद घाल. रोग संपला असं २००५ नंतर एवढं वाजवलं गेलं की नवीन डॉक्टरांपैकी कितीतरी जणांनी सुजलेली नस हातानं चाचपलेलीही नाही. त्यांचा दोष नाही. पण तू गप्प बसलीस तर तुझा असेल.

मध्यंतरी त्याला सांग, ग्लास ट्रेमध्ये ठेवून ने, पातेल्याला जाड फडकं, आणि रात्री दुकान बंद केल्यावर दिव्याखाली दोन्ही पंजे उलटेसुलटे करून बघायचे, फोड, चीर, लाली. हात वीस मिनिटं साध्या पाण्यात बुडवायचा, घट्टे खरबरीत दगडानं हळू घासायचे आणि ओल्यावरच खोबरेल चोळायचं. त्याला घाम येत नाही, तो ओलावा बाहेरूनच द्यावा लागतो. लाजेल तो, गिऱ्हाईकं चिडवतील. चिडवू दे.

फॉर्म भरून झाला की करंगळीसमोर काय अक्षर आलं तेवढं फोन करून सांग. नऊच्या आत कर, नंतर मी रानात असतो आणि तिकडं रेंज नसते.

तुझा काका