मशरूम म्हणजे मटण नव्हे

प्रश्न: मशरूम तव्यावर टाकले की लगेच पाणी सुटतं, त्यातच शिजून रबरासारखे होतात. खरपूस तपकिरी कसे करायचे? गॅस मोठाच असतो.

मीठ कधी घालता आणि वर झाकण ठेवता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कोल्हापूरचे असाल तर विचारायची गरजही नाही. मीठ आधी घालत असणार आणि झाकणही ठेवत असणार, कारण आपला हात मटणावर बसलेला आहे. मटण धुवायचं, हळद-मीठ आणि आलं-लसूण चोळायचं, कांद्यावर परतायचं, वर ताटात पाणी ठेवून झाकायचं आणि अंगचं पाणी सुटू द्यायचं. अळणी त्यातूनच निघतं. श्रावण लागला की मटण बंद होतं आणि मशरूमचं पाकीट त्याच हाताला, त्याच क्रमानं लागतं. मग भांड्यात राखाडी पाणी आणि त्यात तरंगणारे बुळबुळीत तुकडे. वर कांदा-लसूण मसाला कितीही ओता, चव पाणचट ती पाणचटच.

मटणाला ओली, लांबलेली उष्णता लागते, कारण त्यातले चिवट धागे पाण्यात बराच वेळ राहिल्यावरच विरघळून मऊ होतात. मशरूममध्ये ते धागेच नाहीत. त्याच्या पेशींची भिंत कायटिनची असते, खेकड्याच्या कवचात असतं तेच द्रव्य, आणि ते शिजवून विरघळत नाही. म्हणजे झाकून वीस मिनिटं ठेवल्यानं मशरूम ‘आणखी शिजत’ नाही, नुसतं पाण्यात बसून राहतं. उलट याच गुणामुळं ते कडक आचेवर बराच वेळ राहिलं तरी लगदा होत नाही. ‘नीट शिजू दे की जरा’ म्हणून झाकण ठेवणाऱ्या घरोघरच्या वडीलधाऱ्यांना हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

आता पाण्याचा हिशोब. बटण मशरूमच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. २०० ग्रॅमच्या पाकिटात १८० ग्रॅम तर पाणीच आलं. तव्यावर पाणी साचलं की त्या जागेचं तापमान १०० अंशांवर अडकतं. खरपूस रंग आणि तो भाजका वास यायला साधारण १४० अंशांच्या वर जावं लागतं. मोठ्या बर्नरची निम्मी-अर्धी उष्णता बाजूनं वाया जाते. उरलेल्या उष्णतेत मिनिटाला ढोबळ २५ ग्रॅम पाण्याची वाफ होते, त्याहून फार नाही. सगळं पाकीट एकदम ओतलं तर पाणी त्याहून वेगानं सुटतं आणि तव्यात तळं होतं. ‘गॅस मोठाच असतो’ हे तुमचं खरं असेल, पण गॅस कमी पडत नाही, मशरूम जास्त पडतात.

एक पाकीट घेऊन सांगतो. देठाचं टोक, जिथं मातकट भाग असतो, तेवढंच उडवा. काप अर्धा सेंटिमीटरपेक्षा थोडे जाड करा. त्याहून पातळ केले तर रंग येईपर्यंत आतून वाळून चामडं होतं. आता हे सगळे काप एकमेकांवर न चढता ताटात मांडून बघा. २५ सेंटिमीटरच्या सपाट तव्याहून जास्त जागा लागते. म्हणून एका पाकिटाचे किमान दोन घाणे करायचे. घाईत तिसरा थर चढवणाऱ्याला खालचे मशरूम वाफवलेले आणि वरचे कच्चे मिळतात.

तवा लोखंडी किंवा बिडाचा, जाड आणि सपाट हवा. डोशाचा तवा उत्तम. भाकरीचा तवा मध्ये खोलगट असेल तर सुटलेलं पाणी तिथंच गोळा होतं आणि काठावरचे काप मध्ये घसरतात. पातळ जर्मलची कढई तर नकोच, थंड काप पडल्याबरोबर ती गार होते. तवा रिकामा, कोरडा, मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं तापवा. मग पाण्याचा एक थेंब टाका. तो पसरून फसफसत आटला तर अजून वेळ आहे. थेंब गोळी होऊन तव्यावर पळायला लागला की तवा तयार. तेल अजून घालायचं नाही.

काप एकेक करून सपाट बाजूनं मांडा आणि हात आवरा. दोन-अडीच मिनिटं कालथ्यानं ढवळायचं नाही, हलवायचं नाही. सुरुवातीला ते तव्याला चिकटतात आणि खरवडावं वाटतं. थांबा. खालची बाजू भाजली की बहुतेक काप आपोआप सुटतात. या वेळात डोळ्यांपेक्षा कान कामाचे. काप पडल्यावर कोरडा चर्र आवाज आला पाहिजे आणि तो टिकला पाहिजे. तोच आवाज मंदावून खदखद ऐकू आली की समजायचं, पाणी साचलं. आणि काप सरकवताना ओल्या चपलेसारखा चुंई-चुंई आवाज येतो, तो चांगला. मशरूमचं अंग कोरडं होत चालल्याची ती खूण आहे.

एक काप उचलून खाली बघा. काठाला सोनेरी आणि मध्ये पांढरट असेल तर आणखी मिनिटभर. सगळीकडं भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीचा रंग आला की उलटा. दुसरी बाजू लवकर होते, दीडेक मिनिटात, कारण निम्मं पाणी आधीच गेलेलं असतं. आता काठाकाठानं एक चमचा तेल सोडा आणि मिनिटभर परता. मशरूम स्पंजासारखं असतं. कच्चं असताना तेल घातलं तर ते पिऊन टाकतं, तवा पुन्हा कोरडा दिसतो म्हणून माणूस आणखी तेल ओततो, आणि नंतर मशरूम आकसल्यावर ते सगळं तेल बाहेर येऊन भाजी तेलकट होते. शेवटी घातलेलं तेल मात्र वर राहतं आणि काठ कुरकुरीत करतं.

मीठ त्यानंतर. मीठ पाणी ओढून काढतं, आधी घातलं तर वरची सगळी मेहनत फुकट. लसूण ठेचून घालायचा असेल तर शेवटच्या अर्ध्या मिनिटात, नाहीतर जळून कडू होतो. आणि कांदा-लसूण मसाला गॅस बंद केल्यावर भुरभुरा. इतक्या तापलेल्या तव्यावर तिखट चालू आचेवर टाकलं की ते करपतं आणि घरभर असा ठसका उठतो की शेजारचेही खोकतात. तव्याच्या उरलेल्या उष्णतेत मसाला पुरेसा खुलतो.

झालेला घाणा वाडग्यात ढीग करून ठेवू नका. ढिगात वाफ कोंडते आणि दहा मिनिटांत खालचे काप पुन्हा ओले. ताटात पसरवा. तव्यावरचे काळे कण खरवडून काढा, तवा मिनिटभर पुन्हा तापवा, परत थेंब टाकून बघा, मग दुसरा घाणा. दुसरा घाणा बिघडतो तो बहुतेक हे न केल्यामुळं. सगळं झाल्यावर वजन केलंत तर पाकिटाच्या निम्म्याच्या आसपास भरेल. दोन माणसांना एक पाकीट हा दुकानदाराचा हिशोब सुक्क्याला लागू नाही, दोन पाकिटं आणा.

रस्सा करायचा असेल तर हे काप रश्शात उकळायचे नाहीत. तांबडा रस्सा वेगळा उकळून घ्या आणि वाढायच्या दोन मिनिटं आधी मशरूम त्यात सोडा. भाजका वास रश्शात उतरतो आणि कापही दाताखाली लागतो. हे आमच्याकडं अजूनही मान्य नाही. ‘रश्शात मुरलं पाहिजे’ असंच म्हणणं असतं. मुरायला ते काय लोणचं आहे? पण मुरवायचंच असेल तर निदान भाजून मग मुरवा.

धुण्यावरून उगाच भांडणं होतात. पटकन धुतल्यानं मशरूम फार पाणी पीत नाही, वजनात थोडीच भर पडते. त्रास होतो तो वर चिकटलेल्या ओलीचा. म्हणून चिरायच्या आधी धुवा, चाळणीत निथळा आणि सुती फडक्यानं एकेक पुसा. पावसाळ्यात आपल्याकडं प्लास्टिकच्या आतून पाकिटालाच घाम फुटलेला असतो. घरी आणल्यावर प्लास्टिक फाडून कागदी पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवा. तिथं एक-दोन दिवस थोडं सुकलेलं, टोपीखालची कड उघडलेलं मशरूम ताज्या पांढऱ्याशुभ्र मशरूमपेक्षा लवकर रंग धरतं. चिकट झालेलं किंवा आंबूस वास येणारं मात्र टाकून द्या.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. नॉनस्टिक तवा असेल तर कोरडा तापवायची ही पद्धत वापरू नका. साधारण २६० अंशांच्या वर त्याचा थर बिघडायला लागतो आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर तिथवर लवकर पोचतो. त्यात मध्यम आच आणि सुरुवातीलाच थोडं तेल, रंग कमी येईल पण चालेल. दुसरं, अनोळखी रानातली अळंबी या किंवा कुठल्याही पद्धतीनं भाजली म्हणून खाण्याजोगी होत नाही. विषारी अळंबीचं विष तव्यावर जातंच असं नाही.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर पाणी सुटलं म्हणून सगळं संपलं असंही नाही. तळं झालंच तर झाकण काढा, आच पूर्ण मोठी करा आणि सगळं पाणी आटेपर्यंत थांबा, सात-आठ मिनिटं लागतील. खदखद थांबून पुन्हा चर्र ऐकू आलं की चमचाभर तेल घालून काप पसरा आणि तेव्हापासून भाजायला सुरुवात करा. कायटिनमुळं एवढं उकळूनही त्यांचा लगदा झालेला नसतो आणि रंगही येतो. काप जास्त आकसतात, कडा तितक्या कुरकुरीत होत नाहीत, पण आज रात्री ताटात वाढण्याजोगं नक्की होतं. फक्त आटलेलं पाणी ‘सत्त्व जाईल’ म्हणून अर्ध्यावर ओतून घेऊ नका. चव त्याच पाण्यात असते, ती आटून परत कापांवरच चढू द्या.