‘बघून घ्या’ म्हटलं की कोणी बघत नाही

प्रश्न: टीमला शेअर्ड डॉक्युमेंटची लिंक पाठवून ‘प्लीज रिव्ह्यू करा’ म्हटलं की निम्मे गप्प बसतात, निम्मे शुद्धलेखन काढतात आणि खरी हरकत सगळं फायनल झाल्यावर येते. मेसेज नेमका लिहायचा कसा?

हा मेसेज सहा जणांना एकत्र गेला की प्रत्येकाला वाटतं, बाकीचे पाच बघतीलच. त्यातला जो खरंच लिंक उघडतो, त्याला काय शोधायचं ते कोणी सांगितलेलं नसतं. मग चटकन डोळ्यात भरतं तेच तो पकडतो: स्वल्पविराम, फाँट, शीर्षकातला एखादा शब्द. त्याच्या परीने त्याने काम केलेलं असतं.

म्हणून मेसेज लिहायला घेण्याआधी मी स्वतःपुरती एक यादी करते. या डॉक्युमेंटमध्ये मला कशाची खात्री नाही, आणि त्याचं उत्तर कोणाकडे आहे? ज्याच्याकडे एकाही शंकेचं उत्तर नाही, त्याला रिव्ह्यूला बोलवायचंच नाही. वाईट वाटेल अशी भीती असेल तर ‘फक्त माहितीसाठी’ असं स्पष्ट लिहून त्याला कळवा.

समजा, ग्राहकांना रिफंड देण्याची नवी पद्धत तुम्ही सहा पानांत लिहिली आहे. रिफंड कोणाला द्यायचा, हे साहेबांनी आधीच ठरवलंय. शंका तीन उरतात: मंजुरीची रीत हिशेबात बसेल का, सिस्टिममध्ये अर्धवट रिफंड करता येतो का, आणि फोनवर बसणाऱ्यांना या पायऱ्या पाळता येतील का. तर मेसेज साधारण असा होईल (नावांच्या जागी विभाग घातले आहेत):

> रिफंडच्या नव्या पद्धतीचा मसुदा खालच्या लिंकवर आहे. तुमच्या कॉमेंट्स गुरुवारी दुपारी ४ वाजेपर्यंत हव्यात. प्रत्येकाने फक्त आपला भाग वाचला तरी चालेल, साधारण १५ मिनिटं लागतील.
>
> @अकाउंट्स – भाग ३. शिफ्ट लीडने मंजूर केलेला रिफंड महिनाअखेरच्या ताळमेळात कुठे अडकेल का? तुमचा होकार आल्याशिवाय हा भाग पुढे जाणार नाही.
>
> @डेव्ह – भाग ४. सध्याच्या सिस्टिममध्ये अर्धवट रिफंड करता येतो असं मी धरून चालले आहे. हे खरं आहे का?
>
> @सपोर्ट – भाग ५. ग्राहक फोनवर असताना या पायऱ्या याच क्रमाने करता येतील का? जिथे अडेल ती पायरी सांगा.
>
> रिफंड कोणाला द्यायचा (भाग २) हे ठरलेलं आहे, त्यावर आता चर्चा नको. भाषा आणि मांडणी मी शेवटी बघणार आहे. काही चुकीचं वाटलं तर काय चुकतंय आणि त्याने कोणाचं काम अडेल, एवढं कॉमेंटमध्ये लिहा. सगळं ठीक असेल तर ‘ठीक’ एवढंच लिहा. शुक्रवारी सकाळी ११ वाजता मी हे साहेबांकडे पाठवतेय.

यातला डेव्हचा प्रश्न नीट बघा. ‘भाग ४ कसा वाटला?’ असं विचारलं असतं तर ‘छान’ असं उत्तर आलं असतं. मी माझं गृहीतक उघड करून समोर ठेवलं, त्यामुळे त्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. ‘नाही, पूर्ण रक्कमच परत जाते’ असं उत्तर आलं, तर भाग ४ सोबत भाग ५ही बदलणार, हे तुम्हाला गुरुवारीच कळतं. मत मागण्यापेक्षा गृहीतक तपासून मागणं सोपं जातं, आणि नवख्या माणसालाही वरिष्ठाचं चुकतंय हे सांगायला संकोच वाटत नाही.

‘काय बघू नका’ हे लिहायला बरेच जण बिचकतात, उद्धट वाटेल म्हणून. पण ते लिहिलं नाही, तर ठरून गेलेला भाग २ पुन्हा उकरला जातो आणि सगळ्यांचा वेळ तिथेच जातो. एक मात्र खरं: ‘ठरलंय’ म्हणताना कोणी ठरवलं ते माहीत असू द्या, कारण तो प्रश्न येतोच.

वेळेबद्दल थोडं. ‘शुक्रवारपर्यंत’ म्हणजे एकाला शुक्रवार सकाळ वाटते, दुसऱ्याला शुक्रवारी रात्री बारा. दिवस आणि तास दोन्ही लिहा. टीम वेगवेगळ्या देशांत असेल तर कुठली वेळ, तेही. सहा पानांच्या मसुद्याला दोन पूर्ण कामाचे दिवस पुरतात. आठवडाभर दिला तरी लोक शेवटच्या दुपारीच उघडतात, असा माझा अनुभव आहे. आणि तुमची खरी मुदत व मागितलेली वेळ यांत अंतर ठेवा. वरच्या उदाहरणात गुरुवार ४ ते शुक्रवार ११ हा वेळ कॉमेंट्स वाचून दुरुस्त्या करायलाच ठेवलाय.

गप्प राहणाऱ्यांचं काय? ‘वेळेत काही आलं नाही तर संमती समजेन’ असं सर्रास लिहितात. किरकोळ भागाला ते चालतं. पण ज्याच्या सहीशिवाय काम पुढे जाऊ शकत नाही, त्याचं मौन होकार धरू नका; नाहीतर तीच हरकत महिनाअखेरीला येते, आणि तेव्हा पद्धत सुरू झालेली असते. म्हणून अकाउंट्सपुढे ते वेगळं वाक्य घातलंय. आठवण करायची ती बुधवारी संध्याकाळी, ग्रुपवर नाही तर त्या माणसाला वेगळी, आणि त्याचा प्रश्न पुन्हा लिहून: ‘भाग ३ मधला ताळमेळाचा मुद्दा उद्या ४ पर्यंत जमेल ना? की तुमच्याकडचं दुसरं कोणी बघेल?’ दुसरा प्रश्न महत्त्वाचा. माणूस खरोखर अडकलेला असेल तर तो लगेच दुसऱ्याचं नाव देतो.

गूगल डॉक्स वापरत असाल तर शेअर करताना `Commenter` परवानगी द्या. कॉमेंट्स आणि सुचवण्या करता येतात, पण मूळ मजकूर परस्पर बदलला जात नाही. प्रत्येकाचा प्रश्न त्याच्या परिच्छेदावर कॉमेंट म्हणून टाकून @ने नाव जोडलं आणि ती कॉमेंट `Assign` केली, तर त्याला ईमेल जातो आणि तो थेट त्या ओळीवर पोचतो. पाठवण्याआधी `Version history` मध्ये त्या प्रतीला नाव देऊन ठेवा. वाचन चालू असताना मजकुराला हात लावू नका, नाहीतर अर्ध्यांनी जुनं वाचलेलं असतं आणि अर्ध्यांनी नवं.

कॉमेंट्स आल्यावर `Resolve` दाबायची घाई नको. ते दाबलं की कॉमेंट पानावरून दिसेनाशी होते, आणि लिहिणाऱ्याला वाटतं, उडवूनच लावली. आधी खाली एक ओळ लिहा: ‘घेतलं’ किंवा ‘घेतलं नाही, कारण…’. अकाउंट्स आणि सपोर्ट एकमेकांच्या उलट सांगत असतील, तर कॉमेंटमध्येच पाच-सहा फेऱ्या होऊ देऊ नका. दोघांना दहा मिनिटं कॉलवर घ्या आणि जे ठरेल ते त्याच कॉमेंटखाली लिहून ती बंद करा.