काय-स्क्वेअर लावू की फिशर? आधी एक्स्पेक्टेड काढा

कॉलेजच्या १२० मुलांचा सर्व्हे केला. ठाण्याच्या पलीकडून लोकलने येणारे ५०, त्यातले २१ पहिल्या लेक्चरला लेट. अलीकडचे ७०, त्यातले १५ लेट. एक्स्पेक्टेड काउंट म्हणजे १२० भागिले ४, प्रत्येक खान्यात ३० धरायचं ना? (डोंबिवली)

नाही, ३० धरलंत तर तुम्ही भलताच प्रश्न विचारताय. तसं केलं की दोन्हीकडची मुलं सारखीच आणि लेट होणारे निम्मे असं गृहीत धरल्यासारखं होतं, आणि ते तर कोणी म्हणतच नाहीये. आपल्याला एवढंच तपासायचंय की लांब राहण्याचा आणि लेट होण्याचा काही संबंध आहे का. म्हणून ओळीची आणि कॉलमची टोटल आहे तशीच ठेवायची आणि संबंध अजिबात नसता तर खान्यात किती मुलं आली असती ते काढायचं.

एकूण लेट ३६, म्हणजे १२० पैकी ३० टक्के. संबंध नसेल तर लांबच्या ५० मधलेही ३० टक्केच लेट व्हायला हवेत, म्हणजे १५. सूत्र हेच सांगतं, ओळीची टोटल गुणिले कॉलमची टोटल भागिले एकूण: ५० × ३६ ÷ १२० = १५. उरलेले खाने मग वजाबाकीने येतात, लांबचे वेळेवर ३५, जवळचे लेट २१, जवळचे वेळेवर ४९.

आता प्रत्येक खान्यात प्रत्यक्ष आणि एक्स्पेक्टेडमधला फरक बघा, चारही ठिकाणी ६ च येतो, कुठे जास्त तर कुठे कमी. फरकाचा वर्ग ३६, त्याला त्या त्या खान्याच्या एक्स्पेक्टेडने भागून बेरीज करा: ३६/१५ + ३६/३५ + ३६/२१ + ३६/४९, उत्तर साधारण ५.८८. एक डिग्री ऑफ फ्रीडमला ५ टक्क्यांची सीमा ३.८४ आहे, त्याच्या आपण वर आहोत, पी-व्हॅल्यू ०.०१५ च्या आसपास. पण रिपोर्टमध्ये नुसता हा आकडा टाकून थांबू नका, ४२ टक्के विरुद्ध २१ टक्के लेट हेही लिहा, कारण काय-स्क्वेअर फक्त संबंध दिसतोय एवढं सांगतो, किती मोठा ते नाही. आणि लेट होण्याचं कारण ट्रेनच आहे असं तर तो मुळीच सांगत नाही.

खाने चार आहेत, मग डिग्रीज ऑफ फ्रीडम ३ का नाही? मैत्रीण म्हणते ४ वजा १. (विलेपार्ले)

तुमच्या मैत्रिणीसारखंच खुद्द कार्ल पीअरसनलाही वाटायचं! त्याने १९०० साली ही टेस्ट मांडली आणि दोन-बाय-दोन टेबलला तो ३ च धरायचा, ते १ आहे हे रोनाल्ड फिशरने १९२२ मध्ये दाखवून दिलं.

वरचंच टेबल घ्या. टोटल सगळ्या ठरलेल्या आहेत, ५०, ७०, ३६, ८४. आता लांबचे लेट २१ एवढंच मी सांगितलं की लांबचे वेळेवर २९ आपोआप आले, जवळचे लेट १५ आले आणि जवळचे वेळेवर ५५ पण आले. म्हणजे मोकळा खाना एकच, बाकीचे तीन टोटलने बांधलेले, आणि चारही फरक ६ च का आले त्याचं कारणही हेच. सूत्रात (ओळी − १) × (कॉलम − १), इथे १ × १. टोटलची ओळ आणि टोटलचा कॉलम यात धरायचे नाहीत हां, खूप जण तिथे चुकतात.

यात चूक झाली तर महागात पडते. ३ डिग्रीजला सीमा ७.८१ होते, आणि मग हाच ५.८८ सीमेच्या खाली जातो. आकडे तेच, निष्कर्ष उलटा.

हाताने ५.८८ आलं पण R मध्ये ४.९४ येतंय. माझं गणित चुकलं का? (कल्याण)

गणित बरोबर आहे तुमचं. R दोन-बाय-दोन टेबलला न विचारताच येट्सचं करेक्शन लावतं, म्हणजे प्रत्येक फरकातून अर्धा कमी करतं, ६ चे ५.५ होतात आणि म्हणून उत्तर उतरतं. मुलं मोजताना आकडा २१ किंवा २२ असा उडी मारत जातो पण काय-स्क्वेअरचा कर्व्ह सलग असतो, ती तफावत सांधायला येट्सने १९३४ मध्ये हे सुचवलं. करेक्शन नको असेल तर:

```r
t <- matrix(c(21, 15, 29, 55), 2)
chisq.test(t, correct = FALSE)
chisq.test(t)$expected
```

दोन्हीपैकी कुठलं वापरलंत ते लिहा म्हणजे झालं. मात्र दोन्ही काढून आवडलं ते ठेवायचं, असं करू नका.

फिजिओथेरपीचा छोटा स्टडी आहे. व्यायाम दिलेल्या ८ पैकी ५ ना आराम, न दिलेल्या ८ पैकी १ ला. काय-स्क्वेअरला पी ०.०३९ येतंय पण गाईड म्हणतात खान्यात ५ पेक्षा कमी आहे, फिशर लाव. त्याने ०.११९ येतंय! कुठलं खरं? (परळ)

फिशरचं घ्या. गाईडचा सल्ला बरोबर आहे, पण नियम कुठल्या आकड्याला लागतो ते नीट बघा, तो प्रत्यक्ष आकड्याला नाही, एक्स्पेक्टेडला लागतो. तुमच्या खान्यात १ आहे म्हणून फिशर नाही, तर एक्स्पेक्टेड ३, ५, ३, ५ येतात आणि त्यातले दोन ५ च्या खाली आहेत म्हणून. उलट वरच्या लोकलच्या टेबलमध्ये टोटल तशाच ठेवून २१ च्या जागी ३ आले असते तरी सगळ्यात लहान एक्स्पेक्टेड १५ च राहिला असता, तिथे काय-स्क्वेअर बिनधास्त चालला असता. तो "२० टक्क्यांपर्यंत खाने ५ च्या खाली चालतात" वाला नियम मोठ्या टेबलांचा आहे, इथे एक खाना म्हणजेच २५ टक्के झाले, त्यामुळे चारही ५ किंवा जास्त हवेत.

आता ०.११९ आलं कुठून ते बघू. समजा व्यायामाचा काही उपयोगच नाही, १६ पैकी ६ जणांना तसाही आराम पडणारच होता. हे ६ जण १६ मधून निवडायचे ८००८ प्रकार. त्यात नेमके ५ व्यायामवाल्यांत येण्याचे ४४८, सहाच्या सहा तिकडेच येण्याचे २८. दुसऱ्या बाजूलाही तितकेच धरायचे कारण टेस्ट दोन्ही बाजूंची आहे, एकूण ९५२. ९५२ भागिले ८००८ म्हणजे ०.११९. यात कर्व्हचा अंदाज कुठेच नाही, सरळ मोजणी आहे, म्हणून तर एक्झॅक्ट म्हणतात. काय-स्क्वेअरची पी-व्हॅल्यू मात्र सलग कर्व्हवरून येते आणि एवढ्या कमी पेशंटांत तो कर्व्ह नीट बसत नाही. येट्स लावून बघा, पी ०.१२१ येईल, फिशरच्या अगदी शेजारी.

फिशरचीही एक मर्यादा आहे. या टोटलमध्ये फक्त सात टेबलं शक्य आहेत, त्यामुळे पी-व्हॅल्यू पायरीपायरीने उतरते: ५ विरुद्ध १ ला ०.११९, आणि त्याच्या पुढची पायरी थेट ६ विरुद्ध ०, तिथे ५६ भागिले ८००८ म्हणजे ०.००७. मधे काही नाहीच! म्हणजे आराम पडलेल्यांपैकी एकही जण बिनव्यायामाच्या गटात नसता तरच तुमचा निकाल ०.०५ च्या खाली गेला असता. म्हणून थीसिसमध्ये "व्यायामाचा उपयोग नाही" असं लिहू नका, ८ पैकी ५ विरुद्ध ८ पैकी १, फिशर पी ०.११९, आणि एवढ्या पेशंटांवर फरक सिद्धही होत नाही आणि नाकारताही येत नाही, असं लिहा.