अरबीतलं द्विवचन: क्रियापद कधी एकवचनी, कधी द्विवचनी का?

प्रश्न: शाळेत संस्कृत होतं, त्यामुळे द्विवचन नवीन नाही. पण अरबीत ‘दोन शिक्षक आले’ या अर्थाच्या एका वाक्यात क्रियापद एकवचनी दिसतं, दुसऱ्यात द्विवचनी. विशेषणाचाही घोळ होतो. नेमका नियम काय?

उत्तर:

आधी वाचण्याबद्दल एक सूचना. खालचे अरबी शब्द संस्कृतसारखे वाचा: शेवटचा अकार पूर्ण उच्चारायचा, पाय मोडलेला असेल तिथेच व्यंजन अर्धं. ‘दखल’ म्हणजे द-ख-ल, ‘तो आत आला’. ‘अल्’ हे निश्चितता दाखवणारं उपपद. वाक्याच्या मध्ये आलं की त्यातला अ गळतो आणि नुसता ‘ल्’ उरतो.

नामापासून सुरुवात करू, कारण ते सोपं आहे. ‘मुदर्रिस्’ म्हणजे शिक्षक. दोन शिक्षक कर्ता असतील तर ‘मुदर्रिसानि’. कर्म असतील किंवा शब्दयोगी अव्ययानंतर वा षष्ठीत आले असतील तर ‘मुदर्रिसैनि’. एवढी दोनच रूपं. शिक्षिकेला ‘मुदर्रिसा’ म्हणतात. त्या शेवटच्या आ मध्ये दडलेला त् प्रत्यय लागताच बाहेर येतो, म्हणून ‘मुदर्रिसतानि’ आणि ‘मुदर्रिसतैनि’. ‘दोन’ हा आकडा वेगळा लावायची गरज नसते. ‘किताबानि’ म्हणजेच दोन पुस्तकं. ‘दोनच, तीन नाहीत’ असं ठासून सांगायचं असेल तर आकडा नामाच्या मागून विशेषणासारखा येतो: ‘किताबानि इस्नानि’.

आता तुमचा मुख्य प्रश्न. संस्कृतात ‘तौ प्रविशतः’ म्हणा की ‘प्रविशतः तौ’, क्रियापद द्विवचनीच राहतं. अरबीत तसं नाही. तिथे क्रियापद कर्त्याच्या आधी आहे की नंतर, यावर सगळं ठरतं. ही दोन वाक्यं पाहा:

दखल ल्-मुदर्रिसानि.
अल्-मुदर्रिसानि दखला.

दोन्हींचा अर्थ ‘दोन्ही शिक्षक आत आले’. पहिल्यात क्रियापद आधी आहे, म्हणून ते एकवचनी ‘दखल’. दुसऱ्यात कर्ता आधी येऊन गेला, म्हणून द्विवचनी ‘दखला’. लिंग मात्र दोन्ही क्रमांत पाळायचं. शिक्षिका असतील तर ‘दखलति ल्-मुदर्रिसतानि’ (मूळ रूप दखलत्, पुढच्या ल् शी जोडायला इ आली) आणि ‘अल्-मुदर्रिसतानि दखलता’.

यामागचं कारण कळलं की नियम पाठ करावा लागत नाही. अरबी वैयाकरणांच्या मते ‘दखला’ मधला शेवटचा आ हा नुसता प्रत्यय नाही. तो सर्वनाम आहे, ‘ते दोघे’ या अर्थाचा, आणि तोच त्या क्रियापदाचा कर्ता आहे. म्हणजे ‘दखला’ हे स्वतःच एक पूर्ण वाक्य झालं: ‘दोघे आत आले’. त्याच्यापुढे पुन्हा ‘ल्-मुदर्रिसानि’ लावलं तर एका क्रियापदाला दोन कर्ते होतात. म्हणून कर्ता पुढे येणार असेल तर ती जागा रिकामी ठेवायची आणि क्रियापद एकवचनात सोडायचं. जुन्या काही बोलींत दोन्ही एकत्र लावत. त्या प्रकाराला व्याकरणात नावच पडलं आहे ‘अकलूनी ल्-बरागीस्’, अर्थात ‘पिसवांनी मला खाल्लं’. त्या नमुना-वाक्यात क्रियापद आधी असूनही अनेकवचनी आहे. प्रमाण लेखनात ते चालत नाही.

हे कारण लक्षात घेतलं की पुढचं वाक्य अवघड वाटणार नाही:

दखल ल्-मुदर्रिसानि व-जलसा.

‘दोन्ही शिक्षक आत आले आणि बसले.’ एकाच वाक्यात पहिलं क्रियापद एकवचनी आणि दुसरं द्विवचनी. तुम्हाला जी विसंगती वाटली असेल ती बहुतेक अशाच वाक्यात. ‘दखल’ च्या वेळी कर्ता यायचा होता, ‘जलसा’ च्या वेळी तो येऊन गेला होता. नवशिक्यांची चूक इथेच होते: पहिलं क्रियापद बरोबर लिहितात आणि त्याच ओघात ‘व-जलस’ लिहून बसतात. मग वाचणाऱ्याला वाटतं की बसणारा कोणी तिसराच आहे.

वर्तमानकाळात ‘यद्खुलानि’ म्हणजे ते दोघे आत येतात. ‘तद्खुलानि’ म्हणजे त्या दोघी किंवा तुम्ही दोघं. यातलं कोणतं ते संदर्भावरून ठरवायचं. तुम्ही दोघं, ‘अन्तुमा’, यात स्त्री-पुरुष भेद नाही. प्रथमपुरुषी द्विवचन अरबीत नाहीच, संस्कृतातल्या ‘आवाम्’ ला जोड शोधू नका. आम्ही दोघं असलो तरी ‘नह्नु’ हेच सर्वनाम आणि क्रियापदही नेहमीचं अनेकवचनी, ‘दखल्ना’. पण त्याच ‘नह्नु’ पुढे नाम आलं तर ते द्विवचनात जातं: ‘नह्नु मुदर्रिसानि’, आम्ही दोघं शिक्षक आहोत.

शेवटचा ‘नि’ कधी गळतो हेही इथेच सांगतो, कारण नाम आणि क्रियापद यांचे ‘नि’ दिसायला सारखे असले तरी गळण्याची कारणं वेगळी आहेत. क्रियापदाचा ‘नि’ ‘लम्’ (भूतकाळी नकार), ‘लन्’ (भविष्यकाळी नकार), ‘अन्’ यांसारख्या शब्दांनंतर जातो: ‘लम् यद्खुला’, ते दोघे आत आले नाहीत. नामाचा ‘नि’ पुढे षष्ठीतलं नाम किंवा सर्वनाम जोडलं की जातो: ‘किताबा मुदर्रिसिन्’ म्हणजे एका शिक्षकाची दोन पुस्तकं. ‘अल्’ लागल्याने मात्र तो जात नाही. एकवचनातल्या ‘उन्’ या प्रत्ययातला न् ‘अल्’ लागताच जातो, म्हणून लोक सवयीने ‘अल्-किताबा’ लिहितात. बरोबर रूप ‘अल्-किताबानि’.

विशेषण सरळ आहे: लिंग, वचन, विभक्ती आणि ‘अल्’ या चारही बाबतींत ते नामाच्या मागे जातं. ‘अल्-मुदर्रिसतानि ल्-जदीदतानि’, त्या दोन नव्या शिक्षिका. घोटाळा होतो तो निर्जीव वस्तूंच्या बाबतीत. अरबी शिकताना एक नियम लवकर डोक्यात बसतो: माणसं सोडून इतर सगळ्यांचं अनेकवचन हे स्त्रीलिंगी एकवचनासारखं वागतं. ‘अल्-कुतुबु ल्-जदीदतु वसलत्’, नवी पुस्तकं पोचली; विशेषण आणि क्रियापद दोन्ही स्त्रीलिंगी एकवचनी. हा नियम द्विवचनाला लागू होत नाही. पुस्तकं दोनच असतील तर ‘अल्-किताबानि ल्-जदीदानि वसला’, सगळं पुल्लिंगी द्विवचनी. म्हणजे पुस्तकांची संख्या दोनवरून तीनवर गेली की वाक्यातले सगळे शेवट बदलतात. लिहून झाल्यावर द्विवचनी नामाजवळ ‘जदीदतु’ सारखं रूप दिसलं तर थांबा आणि तपासा.

या सुसंगतीचा उपयोग कसा होतो ते एका उदाहरणात बघू:

मुदर्रिसता ल्-मद्रसति ल्-जदीदतानि
मुदर्रिसता ल्-मद्रसति ल्-जदीदति

दोन्हींत ‘शाळेच्या दोन शिक्षिका’ आहेत आणि ‘नवीन’ हे विशेषण शेवटी आहे, कारण षष्ठीच्या जोडीच्या मध्ये विशेषण घुसवता येत नाही. मग नवीन काय, शिक्षिका की शाळा? पहिल्यात ‘जदीदतानि’ द्विवचनी आहे, म्हणजे शिक्षिका नव्या. दुसऱ्यात ते एकवचनी आणि षष्ठीत आहे, म्हणजे शाळा नवी. पहिल्यात ‘मुदर्रिसता’ चा ‘नि’ गळलाय, पण विशेषणाचा टिकलाय, हेही पाहा. विशेषणाला पुढे काही जोडलेलं नाही, मग त्याचा ‘नि’ कशाला जाईल?

आता हेच कर्म करू. ‘काबल्तु’ म्हणजे ‘मी भेटलो’ किंवा ‘भेटले’.

काबल्तु मुदर्रिसतयि ल्-मद्रसति ल्-जदीदतैनि ल्लतैनि दखलता.

‘आत आलेल्या, शाळेच्या दोन नव्या शिक्षिकांना मी भेटलो.’ शिक्षिका कर्म झाल्याबरोबर नाम ‘-तै’ मध्ये गेलं (पुढच्या ल् मुळे उच्चार ‘-तयि’), विशेषण ‘-तैनि’ झालं आणि ‘ज्या दोघी’ या अर्थाचं ‘अल्लतानि’ बदलून ‘ल्लतैनि’ झालं. ‘दखलता’ मात्र जसंच्या तसं, कारण क्रियापदाला विभक्ती नसते. ते द्विवचनी आहे, कारण कर्त्या दोघी आधी येऊन गेल्या आहेत. ‘हे दोन’, ‘या दोन’ साठीचे ‘हाज़ानि’ आणि ‘हातानि’ हेही असेच ‘हाज़ैनि’, ‘हातैनि’ होतात.

वाचताना एक खरी अडचण येते. छापील अरबीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे ‘मुदर्रिसैनि’ (दोन शिक्षकांना) आणि ‘मुदर्रिसीन’ (अनेक शिक्षकांना) यांची अक्षरं तंतोतंत सारखी दिसतात. अशा वेळी आजूबाजूला पाहायचं. ‘ज्या’ या अर्थाचा शब्द असेल तर त्यातले लाम मोजा: अनेकवचनी ‘अल्लज़ीन’ एका लामने लिहितात, द्विवचनी ‘अल्लज़ैनि’ दोन लामांनी. पुढे क्रियापद असेल तर त्याचा शेवट पाहा: ‘जलसा’ च्या शेवटी नुसता अलिफ, ‘जलसू’ च्या शेवटी वाव आणि अलिफ. यातलं काहीच नसेल तर मजकुराच्या अर्थावरूनच ठरवावं लागतं.

‘दोघेही’ या अर्थाचा ‘किला’ (स्त्रीलिंगी ‘किल्ता’) इथे वेगळा वागतो. त्याच्यापुढे येणारं नाम द्विवचनी, पण क्रियापद बहुतेक एकवचनी ठेवतात. कुराणात 18व्या सूरेच्या 33व्या आयतीत ‘किल्ता ल्-जन्नतैनि आतत्’ आहे, ‘दोन्ही बागांनी फळ दिलं’, आणि ‘आतत्’ स्त्रीलिंगी एकवचनी. अर्थाने द्विवचन, रूपाने ‘किल्ता’ हा एक शब्द, आणि क्रियापद रूपाच्या बाजूने गेलं. उलट दिशेचं उदाहरणही तिथेच सापडतं: 22व्या सूरेच्या 19व्या आयतीत ‘हाज़ानि खस्मानि इख्तसमू’, ‘हे दोन प्रतिपक्ष भांडले’. नाम द्विवचनी आणि क्रियापद अनेकवचनी, कारण प्रत्येक पक्षात अनेक माणसं आहेत.

हे सगळं लिखित, प्रमाण अरबीचं झालं. कोकणातून आखातात नोकरीला जाणाऱ्यांच्या कानावर जी बोली पडते तिच्यात नामाचं द्विवचन जिवंत आहे, ‘किताबेन्’ सारखं एकच रूप, सर्व विभक्तींना. क्रियापदाचं आणि विशेषणाचं द्विवचन तिथे उरलेलं नाही. दोघांबद्दल बोलतानाही क्रियापद अनेकवचनीच येतं. इजिप्त आणि सीरियाच्या बोलींतही तेच. बाजारात कोणाला ‘यद्खुलानि’ म्हणालात तर कळेल सगळ्यांना, पण ते बातम्यांमधल्या निवेदकासारखं वाटेल.