चुंबक चिकटला नाही म्हणून भांडं चांगलं, हे मीच सांगितलं होतं

प्रश्न: स्वस्त स्टीलच्या भांड्यात टोमॅटो, चिंच, लोणचं असं आंबट-खारट ठेवलं तर धातू अन्नात उतरतो का? ३०४ आणि २०२ प्रतीचं स्टील घरी ओळखायचं कसं?

उतरतो. चांगल्या स्टीलमधूनही उतरतो. आता ओळखण्याचं. या एका बाबतीत माझं नाक पंधरा वर्षांपूर्वी कापलं गेलंय, म्हणून जरा लांबण लागेल.

२००९ साली ताईचं लग्न ठरलं. वडील सांगलीत हळदीच्या व्यापाऱ्याकडे दिवाणजी होते. भांडी किलोवर घ्यायची, पण हलकी द्यायची नाहीत, असं त्यांनी घरात आधीच जाहीर केलं होतं. मी तेव्हा आयटीआयचा फिटर, नुकताच पास झालेलो, त्यामुळे सगळं येतं अशी समजूत. खिशात चुंबक घेऊन दुकानात गेलो आणि डबे, पातेली, परात, सगळ्याला लावून बघितला. कुठेच चिकटला नाही. दुकानदार हसला, "पोरगं हुशार आहे, काका. ओरिजिनल माल आहे, चुंबक धरतच नाही." मी वडिलांकडे बघून मान हलवली आणि वडिलांनी पैसे मोजले.

पुढच्या उन्हाळ्यात ताईने त्यातल्या पाच लिटरच्या डब्यात कैऱ्या खारात घातल्या. चार लिटर पाणी आणि सहाशे ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या चौपट खारट. दोन महिन्यांनी डब्याखालचा ओटा ओला दिसायला लागला. डबा रिकामा करून उजेडात धरला तर तळाला टाचणीच्या टोकाएवढं भोक, आणि आजूबाजूला तांबूस ठिपके. सासूबाईंनी तो डबा शेजारपाजारच्या चार घरांत फिरवला. "माहेरच्यांनी लेकीला विष कालवायची भांडी दिली" हे वाक्य कराडच्या त्या गल्लीत अजून जिवंत आहे. दाजी तर दर दिवाळीला फराळाचं ताट पुढे आलं की विचारतात, "पाव्हणं, चुंबक आणलाय का?"

पुढे मी कुपवाड एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात लागलो. डेअरीच्या टाक्या बनवतो आम्ही. तिथे पहिल्या महिन्यातच कळलं की चुंबकाने मी काहीच तपासलं नव्हतं.

चुंबक फक्त पोलादाची आतली रचना सांगतो, प्रत सांगत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेलमुळे ती रचना अशी बसते की चुंबक धरत नाही. पण निकेल महाग. म्हणून त्यातलं बरंच काढून मँगनीज घालतात (जोडीला थोडा नायट्रोजन, काही प्रतींत तांबंही), आणि रचना तीच राहते. २०१, २०२ आणि बाजारात जे-फोर म्हणतात ते, हा सगळा २०० सिरीजचा माल. २०२ मध्ये निकेल ४ ते ६ टक्के तरी असतं, जे-फोरमध्ये जेमतेम १. चुंबक यातल्या कशालाच सहसा धरत नाही. उलट खोल दाबून काढलेल्या अस्सल ३०४ च्या कडेला तो थोडासा धरतो, कारण दाबताना तिथली रचना बदलते. म्हणजे माझ्या परीक्षेत चांगला डबा नापास झाला असता आणि आणला तो पहिल्या वर्गात पास.

त्या डब्याचं झाकण मी नंतर ताईकडून मागून आणलं आणि कारखान्यात धातूतले घटक मोजणारी गन आली होती तिच्यासमोर धरलं. क्रोमियम १४ च्या आसपास, निकेल १, मँगनीज ९. जे-फोरच.

आता भोक का पडलं ते. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्या पृष्ठभागावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या थरामुळे. हा थर डोळ्याला दिसत नाही इतका पातळ असतो, आणि ओरखडा पडला तर हवेत आपोआप परत धरतो. नुसत्या आंबटाला तो बऱ्यापैकी दाद देत नाही. त्याचा खरा वैरी मिठातला क्लोराइड. क्लोराइड सगळा थर खात नाही, एखादी कच्ची जागा शोधतो. तिथे थर फुटला की खालचं लोखंड विरघळायला लागतं आणि त्या इवल्याशा खड्ड्यात पाणी अडकून आणखी आम्लधर्मी होतं. त्यामुळे खड्डा स्वतःच स्वतःला खोल करत जातो. वरून ठिपका, आत पोकळी. क्रोमियम जितकं कमी, तितका थर कच्चा. १४ आणि १८ मधला फरक इथे दिसतो.

ताईचं "विष" किती होतं, याचा हिशोब मी एका रात्री पाळीवर बसून केला होता, तो दाजींसाठी इथे मांडतो. पत्रा अर्धा मिलिमीटर जाड. एक मिलिमीटर रुंदीचं आरपार भोक धरलं तर साधारण ३ मिलिग्रॅम धातू गेला. असे दहा खड्डे धरू (आरपार एकच होतं, पण असू देत). ३० मिलिग्रॅम झाले. त्यात लोखंड २२ मिलिग्रॅमच्या आसपास, क्रोमियम ४ च्या आसपास, मँगनीज ३ च्या आत. हे दोन महिन्यांत, चार लिटर खारात. लोह तर माणसाला एका दिवसाला लागतं त्याच्या आसपासच झालं, आणि मँगनीज आपण धान्य-चहातून रोज काही मिलिग्रॅम घेतोच. स्टीलमधून सुटतं ते क्रोमियमही घातक समजलं जाणारं सहा संयुजेचं नसतं. भांडं हलकं होतं, कबूल. त्याला विष म्हणायचं तर सासूबाई रोज चार कप चहा घेतात, त्याचाही हिशोब लावावा लागेल.

चांगल्या स्टीलचंही सांगतो, नाहीतर ३०४ घेतलं म्हणजे सुटलो असं वाटेल. अमेरिकेत ओरेगनमधल्या विद्यापीठाने २०१३ साली टोमॅटोचा सॉस स्टीलमध्ये सहा-सहा तास शिजवून मोजमाप केलं होतं. भांडं नवं असताना निकेल-क्रोमियम सगळ्यात जास्त उतरलं, पुढे कमी होत सहाव्या खेपेच्या आसपास स्थिरावलं. दहाव्या खेपेला १२६ ग्रॅमच्या एका वाढणीत सरासरी ८८ मायक्रोग्रॅम निकेल होतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने निकेलची रोजची मर्यादा किलोमागे १३ मायक्रोग्रॅम धरली आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७८०. आणि आपल्याकडे टोमॅटोचं सार कोण सहा तास उकळतं? नवं पातेलं आणलं की चिंचेचं पाणी घालून दोन-तीनदा चांगलं उकळा आणि ते पाणी ओतून द्या, एवढं बास.

शिजवण्याची भीती बाळगू नका. साठवणं हे खरं दुखणं आहे. आमसुलाचं सार, कढी, टोमॅटोची भाजी कुठल्याही बऱ्या स्टीलमध्ये करा, पण रात्रभर त्यातच ठेवू नका. दह्याचं काही नाही, आमच्या डेअरीच्या टाक्या ३०४ च्याच असतात. मीठ घातलेलं ताक मात्र काढून ठेवा. लोणचं, खार, मिठातली लिंबं बरणीतच, काचेच्या किंवा चिनी मातीच्या. आमची आजी पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली की त्यात चिंच घालू द्यायची नाही. आम्ही स्टील आलं म्हटल्यावर तो सगळा विचारच सोडून दिला. आणखी एक, मीठ थंड पाण्यात टाकून तसंच सोडू नका. ते तळाला बसून तिथेच खड्डा पाडतं. पाणी उकळल्यावर टाका आणि ढवळा.

ओळखायचं तर चुंबकाचा नाद सोडा. भंगारवाल्यांकडे तपासणीचं द्रावण आणि ९ व्होल्टची बॅटरी असते. थेंब टाकून बॅटरी लावली की जास्त मँगनीजचा माल लाल रंग दाखवतो, ३०४ दाखवत नाही. द्रावणात आम्ल असतं, तेव्हा भांड्याच्या बुडाला बाहेरून लावा आणि धुऊन टाका. "फूड ग्रेड" असं चिकटवलेलं लेबल म्हणजे काहीच नाही. बिलावर प्रतीचा आकडा लिहून मागा. दुकानदार तोंडाने ३०४ म्हणतो आणि लिहायची वेळ आली की पेन सापडत नाही, तेव्हा समजून घ्या. भांड्यांवर IS 14756 चा आयएसआय शिक्का असतो तोही बघा. पण कमी निकेलच्या पत्र्यालाही भांड्यांसाठी भारतीय मानक आहे, IS 15997. म्हणजे २०० सिरीज विकणं हा गुन्हा नाही. ती ३०४ च्या भावात विकणं ही लबाडी.

ज्यांना खोट्या दागिन्यांनी, घड्याळाच्या पट्ट्याने खाज सुटते त्यांच्यासाठी वरचं सगळं उलटं आहे. त्यांना निकेल सोसत नाही. त्यांनी ४३० घ्यावं, त्यात निकेल जवळपास नसतंच आणि क्रोमियम १६ ते १८ टक्के असतं. त्याला चुंबक कडकडून चिकटतो, म्हणून दुकानदार त्याला हलकं म्हणतात.

माझ्या हिशोबातली खोटही सांगतो. मी फक्त खड्डे मोजले. गुळगुळीत भागावरून जे थोडंथोडं जातं ते डोळ्याला दिसत नाही, ते प्रयोगशाळेतच कळेल.

आणि हे लिहायचं जिवावर आलंय, पण लिहितो. तेरा टक्क्यांच्या आंबट खारात दोन महिने ठेवलं असतं तर ३०४ लाही ठिपके पडले असते, भोक पडायला कदाचित जास्त दिवस लागले असते, एवढंच. सॉस-लोणच्याच्या टाकीसाठी आम्ही मॉलिब्डेनम घातलेलं ३१६ वापरतो, आणि त्यातही खार महिनोन्‌महिने ठेवत नाही. म्हणजे दाजी, चुंबकाची चूक माझी आणि मालाची लबाडी दुकानदाराची. पण कैऱ्या स्टीलमध्ये घालायला तुमच्या आईंनीच सांगितलं होतं. बरणी माळ्यावर होती. ताईने त्याच उन्हाळ्यात आम्हाला सांगितलं होतं, वडिलांनी मला बोलू दिलं नाही.